नामाच्या अलीकडे, नामाच्या पलीकडे



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून विषयही वर्गातलाच घेतला आहे. फ्रेंच लिहिताना विशेषण नामाच्या अलीकडे ठेवायचं की पलीकडे, एवढाच तो प्रश्न आहे. आपल्या पनवेल भागातली कितीतरी मुलं अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतात. काही जण पुढे डेल्फच्या परीक्षांना बसतात. या सगळ्यांना एक प्रश्न हमखास येतो: तुमच्या गावाचं वर्णन करा, मित्राचं वर्णन करा, घराचं वर्णन करा. वर्णन म्हटलं की विशेषणं आली, आणि विशेषणं आली की जागेचा प्रश्न आला. माझ्या पाहण्यात लिंगवचनाच्या चुका मुलं वर्षभरात सुधारतात. जागेच्या चुका मात्र पुढची कितीतरी वर्षं टिकून राहतात. कारण लिंगवचनाची चूक नुसती चूक दिसते. जागा चुकली तर वाक्य पुष्कळदा निर्दोष दिसतं, फक्त ते भलतंच काहीतरी सांगत असतं.

फ्रेंच शब्द मी देवनागरीतूनच सांगणार आहे. उच्चार त्यामुळे थोडे ओबडधोबड होतील, पण आज मुद्दा क्रमाचा आहे, आणि क्रम देवनागरीतही तोच राहतो.

मराठी माणसाला फ्रेंच विशेषणाचं अर्धं काम आधीच येत असतं. आपण मोठा वाडा, मोठी विहीर, मोठं झाड म्हणतो, फ्रेंच माणूस 'ग्राँ' आणि 'ग्राँद' म्हणतो. नामाप्रमाणे विशेषण बदलतं ही कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही. अडतं ते पुढे. मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं, आणि हिंदी-इंग्रजीतही तसंच. तीन भाषा शिकलेल्या मुलाला तिन्ही भाषांनी एकच सवय लावलेली असते. फ्रेंचमध्ये मात्र विशेषणाची नेहमीची जागा नामानंतरची आहे. पांढरं घर म्हणजे 'युन मेझों ब्लाँश', शब्दशः 'एक घर पांढरं'. रंग, आकार, देश, धर्म, धातुसाधित विशेषणं ही सगळी नामानंतर. मूठभर रोजची विशेषणं तेवढी आधी येतात: बो म्हणजे सुंदर, जोली म्हणजे छानसं, ब्याँ आणि मोव्हे म्हणजे चांगलं आणि वाईट, ग्राँ आणि पती म्हणजे मोठं आणि लहान, जन आणि व्ह्यो म्हणजे तरुण आणि म्हातारं किंवा जुनं, नुव्हो म्हणजे नवं, आणि अशी आणखी थोडी.

ही मूठ लक्षात ठेवायला वर्गात एक युक्ती सांगतात: सौंदर्य, वय, गुण आणि लहानमोठेपणा दाखवणारी विशेषणं आधी लावा, बाकीची नंतर. पहिल्या महिन्यात ती उपयोगी पडते आणि नंतर त्रास देते. मुलं ती अर्थाचा नियम म्हणून धरून बसतात. 'बो' आधी येतं म्हणून कुरूप या अर्थाचं 'ले'ही आधी लावतात, पण ते नंतर येतं. 'व्ह्यो' आधी येतं, त्याच अर्थाचं जरा अदबीचं 'आझे' नंतर येतं. 'पती' आधी, पण इवलंसं या अर्थाचं 'मिन्युस्क्युल' बहुतेक वेळा नंतर. म्हणजे आधी येण्याचा हक्क अर्थाला मिळालेला नाही, काही ठरावीक शब्दांना मिळालेला आहे. ते बहुतेक आखूड आहेत, फार वापरले जातात आणि सगळ्या प्रकारच्या नामांना लागतात. म्हणून मी मुलांना अर्थाचे गट पाठ करू नका, ते पंधराएक शब्दच पाठ करा असं सांगतो.

इथवर प्रश्न सवयीचा आहे. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो, कारण काही विशेषणं दोन्हीकडे चालतात आणि जागेप्रमाणे अर्थ बदलतात. त्यासाठी मी वेगवेगळ्या वह्यांत वारंवार पाहिलेली वाक्यं जोडून एक परिच्छेद केला आहे. मुलाच्या मनातलं मराठी असं आहे: 'पनवेल हे जुनं शहर आहे. इथे एक जुनं सिनेगॉग आहे. माझा एक जुना मित्र इथे राहतो. त्याचं स्वतःचं घर आहे. त्याचे आजोबा गरीब कोळी होते.' पाच साधी वाक्यं आहेत. मुलगा शब्दकोश उघडतो, जुनं म्हणजे 'आँसियँ', स्वतःचं आणि स्वच्छ म्हणजे 'प्रॉप्र', गरीब म्हणजे 'पोव्र' हे शोधून काढतो आणि बसवतो. मराठीच्या सवयीने जुनं आणि गरीब नामाच्या आधी जातं. 'प्रॉप्र'पाशी त्याला आठवतं की फ्रेंचमध्ये विशेषण नंतर असतं, म्हणून ते तो नंतर ठेवतो.

आता फ्रेंच परीक्षक काय वाचतो ते पाहू. 'पनवेल ए युन आँसिएन व्हील', म्हणजे पनवेल हे पूर्वी शहर होतं, आता नाही. 'युन आँसिएन सिनागॉग', म्हणजे पूर्वी सिनेगॉग असलेली इमारत, जिथे आता कदाचित गोदाम असेल, कदाचित वाचनालय. 'अँ नाँसियँ नामी', म्हणजे एके काळचा मित्र, आता मैत्री तुटलेली. 'सा मेझों प्रॉप्र', म्हणजे त्याचं स्वच्छ घर. आणि 'अँ पोव्र पेशर', म्हणजे बिचारा कोळी. व्याकरणाची एकही लाल खूण पडणार नाही, आणि पाचांपैकी पाच वाक्यांचा अर्थ हातातून निसटलेला असेल.

सिनेगॉगपाशी जरा थांबू, कारण ते आपल्या गावातलं आहे आणि त्यात सगळा मुद्दा येतो. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं. कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींचं हे प्रार्थनास्थळ आजही सिनेगॉगच आहे. त्याला फ्रेंचमध्ये 'युन सिनागॉग आँसिएन' म्हटलं पाहिजे: विशेषण नंतर, अर्थ वयाने जुनं. तेच विशेषण अलीकडे सरकलं की इमारतीचं वय बाजूला पडतं आणि तिचं सिनेगॉगपण संपतं. युरोपात अशी कितीतरी ठिकाणं आहेत जी खरोखरच 'आँसिएन सिनागॉग' झाली, म्हणजे तिथला समाज उरला नाही आणि इमारत दुसऱ्या कामाला लागली. फ्रेंच वाचकाला हे शब्द या क्रमाने दिसले की त्याच्या मनात तेच येणार. आपल्याकडच्या नांदत्या वास्तूबद्दल असं लिहिणं म्हणजे तिच्याविषयी खोटं सांगणं आहे, म्हणून मला ही चूक किरकोळ वाटत नाही.

मग ओळखायचं कसं? इथे आपल्या शालेय व्याकरणातली एक जुनी जोडी उपयोगी पडते: अधिविशेषण आणि विधिविशेषण. 'चांगला मुलगा' यातलं 'चांगला' नामाआधी येतं, ते अधिविशेषण. 'मुलगा चांगला आहे' यातलं 'चांगला' नामानंतर येऊन विधान करतं, ते विधिविशेषण. दोन जागी फिरणाऱ्या फ्रेंच विशेषणाचा नंतरचा अर्थ हा नेमका विधिविशेषणाचा अर्थ असतो. म्हणजे फ्रेंच वाक्य 'आहे' घालून म्हणून पाहायचं. 'सिनेगॉग जुनं आहे' असं म्हणून मनातला अर्थ तसाच राहिला, तर विशेषण नामानंतर. 'आहे' घातल्यावर तो अर्थ नाहीसा झाला, तर विशेषण नामाआधी.

ही कसोटी मराठीतच घासून बघा. 'ही माझी जुनी शाळा' असं कोणी रस्त्यातून जाताना म्हणालं, तर अर्थ काय होतो? मी जिथे पूर्वी शिकलो ती शाळा. इमारत गेल्या वर्षी नवी बांधलेली असली तरी चालेल. पण 'माझी शाळा जुनी आहे' म्हटलं की तो अर्थ गेला, आता शाळेच्या वयाबद्दल बोलणं चाललं आहे. म्हणजे हा भेद मराठीतही आहे. आपण तो संदर्भावर सोडतो, किंवा माजी, बिचारा, स्वतःचा असे वेगळे शब्द घेऊन दाखवतो. फ्रेंच तो जागेने दाखवते. पूर्वीची शाळा म्हणजे 'मों नाँसिएन एकॉल', विशेषण आधी. वयाने जुनी शाळा म्हणजे 'युन एकॉल आँसिएन', विशेषण नंतर.

आता तीच कसोटी वहीतल्या बाकीच्या वाक्यांना लावू. 'घर स्वतःचं आहे' असं आपण मराठीत म्हणतो, पण फ्रेंचमध्ये 'मेझों' आणि 'प्रॉप्र' यांच्यामध्ये 'आहे' घातला की त्याचा अर्थ फक्त 'घर स्वच्छ आहे' एवढाच होतो. म्हणून स्वच्छ घर 'मेझों प्रॉप्र' आणि स्वतःचं घर 'सा प्रॉप्र मेझों'. 'पोव्र'चंही तसंच. फ्रेंचमध्ये 'तो माणूस पोव्र आहे' म्हणजे निर्धन आहे, म्हणून निर्धन माणूस 'ऑम पोव्र', आणि ज्याची कीव येते तो 'पोव्र ऑम', मग त्याच्याकडे कितीही पैसा असो.

इथे मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. माणसाऐवजी कोळी, शेतकरी, विधवा अशी नामं आली की आधी ठेवलेल्या 'पोव्र'मध्ये दोन्ही अर्थ मिसळतात. प्युव्ही द शाव्हानचं १८८१ सालचं एक चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्याचं नाव 'ल पोव्र पेशर', गरीब कोळी, आणि विशेषण आधी आहे. होडीत मान खाली घालून उभा असलेला तो माणूस निर्धनही आहे आणि दीनही. चित्रकाराला दोन्ही हवं होतं. परीक्षेत आजोबांबद्दल लिहिणाऱ्या मुलाला फक्त पैसा नव्हता एवढंच सांगायचं असेल, तर त्याने 'अँ पेशर पोव्र' लिहावं, तिथे संशय राहत नाही.

मित्राचं वाक्य वेगळ्या कारणाने बिघडलं. तिथे जागा बदलून भागत नाही, शब्दच बदलावा लागतो. आपण 'जुना मित्र' म्हणतो तेव्हा मैत्री जुनी असते, मित्र म्हातारा असेलच असं नाही. फ्रेंचमध्ये त्याला 'अँ व्हिएय आमी' म्हणतात, म्हणजे 'व्ह्यो' आधी ठेवतात. स्वरापुढे 'व्ह्यो'चं 'व्हिएय' होतं. मित्रांचं वर्णन लिहिताना 'आँसियँ आमी' लिहिणाऱ्या मुलांना मी दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचायला लावतो आणि कोणत्या मित्राला घरी बोलवाल असं विचारतो. मग चूक पुन्हा होत नाही.

'आँसियँ' आधी आलं की अर्थ 'माजी', असं इतका वेळ म्हणत आलो. ते थोडं नेमकं केलं पाहिजे, आणि त्यासाठी पनवेलसारखं गाव नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, आणि तेव्हापासून पनवेलमधून जाणारा महामार्ग 'जुना हायवे' झाला. फ्रेंचमध्ये तो 'लाँसिएन रुत'. तो बंद पडलेला नाही, रोज वाहतो आहे. म्हणजे आधीचं 'आँसियँ' नेहमी नष्ट झालेलंच सांगतं असं नाही. ज्याची जागा दुसऱ्याने घेतली, ते सांगतं. तसंच पनवेल नगरपालिका १८५२ सालची, आणि २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. त्या नगरपालिकेबद्दल लिहिताना 'युन म्युनिसिपालिते आँसिएन' म्हटलं तर फार जुनी नगरपालिका, आणि 'लाँसिएन म्युनिसिपालिते' म्हटलं तर महानगरपालिकेच्या आधीची नगरपालिका. दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. अशी जोडी सापडली की मी मुलांना दोन्ही लिहायला लावतो, कारण खऱ्या वाक्यांतून शिकलेला भेद चुकीच्या वाक्यांतून शिकलेल्या भेदापेक्षा जास्त टिकतो.

आणि जुनं पनवेल? गावठाणाचा, बाजारपेठेचा, तळ्यांचा भाग? तो 'ल व्ह्यो पनवेल'. फ्रान्समध्ये लिल आणि नीस या शहरांच्या जुन्या भागांना असंच 'व्ह्यो' लावतात. 'लाँसियँ पनवेल' म्हटलं तर जणू एक पनवेल गेलं आणि त्याच्या जागी दुसरं वसलं असं होईल.

नव्याची गोष्टही दुहेरी आहे. तिथे दोन शब्द आहेत: 'नुव्हो' साधारणपणे आधी येतो, 'नफ' नंतर. 'नुव्हो' म्हणजे आधीच्याच्या जागी किंवा आधीच्यात भर पडलेलं दुसरं. 'नफ' म्हणजे कोरं करकरीत, न वापरलेलं. कोणी वापरलेली गाडी विकत घेतली तर ती त्याची 'नुव्हेल व्वात्युर' आहे, 'व्वात्युर नव्ह' नाही. आपल्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. त्याला दोन्ही लावता येतात: मुंबईच्या विमानतळाच्या जोडीला आला म्हणून 'अँ नुव्हेल आएरोपोर', आणि इमारत कोरी आहे म्हणून 'अँ नाएरोपोर नफ'. काही वर्षांनी दुसरं वर्णन खोटं पडेल. पहिलं मात्र तिसरा विमानतळ होईपर्यंत चालू शकेल. सिडकोने वसवलेलं नवीन पनवेल घरं जुनी झाली तरी 'नवीन'च राहिलं, तेही याच अर्थाने. फ्रान्समध्ये तर या क्रमाने भूगोल कोरला गेला आहे. नवं गाव या एकाच अर्थाची तिथे दोन नावं सापडतात, 'नव्हिल' आणि 'व्हिलनव्ह'. उत्तरेत, जिथे जुन्या जर्मानिक बोलींचा प्रभाव होता, तिथे विशेषण आधी असलेली नावं जास्त आहेत. दक्षिणेकडे नाम आधी असलेली. आज जो नियम पक्का वाटतो तो पूर्वी इतका पक्का नव्हता, याचा हा नकाशावरचा पुरावा आहे.

कसोटी कुठे चालत नाही तेही सांगतो, नाहीतर मुलं ती सगळीकडे लावतील. एक, ती पंधराएक रोजची विशेषणं. 'तलाव मोठा आहे' हे म्हणता येतं, म्हणून 'लाक ग्राँ' होत नाही. वडाळे तलाव हा 'अँ ग्राँ लाक'च. 'ग्राँ'चा अर्थ जागेने बदलतो तो मुख्यतः माणूस या नामाबरोबर. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके 'अँ ग्राँतॉम', थोर पुरुष. नुसता उंच माणूस 'अँ नॉम ग्राँ'. त्यातही शरीराचं दुसरं विशेषण जोडीला आलं, जसं 'ग्राँतॉम मेग्र', की आधीच्या 'ग्राँ'चाही अर्थ उंचच होतो, म्हणजे उंच आणि किडकिडीत माणूस. दोन, काळाची नामं. 'ला समेन देर्न्येर' म्हणजे गेला आठवडा आणि 'ला देर्न्येर समेन' म्हणजे शेवटचा आठवडा, सुट्टीचा किंवा सत्राचा. इथे 'आहे' घालून काही कळत नाही, जोडी लक्षातच ठेवावी लागते. शिवाय नंतरची जागा मुख्यतः आठवडा, महिना, वर्ष अशा नामांपुरती आहे. पनवेलहून सुटणारी रात्रीची शेवटची लोकल 'ल देर्न्ये त्रँ', तिथे दुसरा क्रम चालत नाही.

विशेषण आधी आणायचं ठरलं की दोन गोष्टी मागोमाग येतात आणि वर्णनात गुण तिथे जातात. अनेकवचनी नामाआधी विशेषण आलं तर लेखी फ्रेंचमध्ये 'दे'चं 'द' होतं. जुनी घरं नुसती 'दे मेझों आँसिएन', पण सुंदर जुनी घरं 'द बेल मेझों आँसिएन'. या एका शब्दसमूहात एक विशेषण अलीकडे आहे, एक पलीकडे, आणि 'द' आधीच्या विशेषणाची चाहूल देतो. जुन्या पनवेलच्या वाड्यांबद्दल लिहायला इतकी नेटकी रचना दुसरी नाही.

दुसरी गोष्ट कानाची. आधीच्या विशेषणाचं शेवटचं मुकं व्यंजन पुढच्या स्वराला चिकटून ऐकू येतं. 'ग्राँ' आणि 'आर्ब्र' मिळून 'ग्राँ तार्ब्र', मोठं झाड. अनेकवचनात 'ग्राँ झार्ब्र'. एकवचनी नाम आधी आणि विशेषण नंतर असेल तर असं चिकटवत नाहीत. यामुळे जिथे दोन्ही शब्द नामही होऊ शकतात आणि विशेषणही, तिथे क्रमाचा निकाल कान लावतो. 'साव्हाँ' म्हणजे विद्वान, 'आव्हग्ल' म्हणजे आंधळा. कागदावर दोन शब्द शेजारी लिहिले तर कोणता नाम आणि कोणता विशेषण ते कळत नाही. 'साव्हाँ आव्हग्ल' असं मध्ये थांबून म्हटलं तर पहिला शब्द नाम: आंधळा विद्वान. 'साव्हाँ ताव्हग्ल' असं 'त' ऐकू आलं तर पहिला शब्द विशेषण: विद्वान आंधळा. म्हणून वर्णनाचा परिच्छेद लिहून झाला की मुलांनी तो मोठ्याने वाचावा आणि कुठे चिकटवलं, कुठे सोडलं ते पेन्सिलीने खुणावून आणावं. वही तपासताना मी आधी त्या खुणा पाहतो, मग वाक्यं.